अर्काइव्ह, क्लिअर की डिलीट: व्हॉट्सॲपवरील संभाषण हटवण्याच्या तीन पद्धती आणि त्यांपैकी परत फिरवता येणारी कोणती

व्हॉट्सॲप नव्याने वापरू लागलेल्या बहुतेकांची समजूत अशी असते की, ‘Archive’, ‘Clear chat’ आणि ‘Delete chat’ या एकाच कामाच्या कमी-अधिक कडक पायऱ्या आहेत. प्रत्यक्षात ही तीन निरनिराळी कामे आहेत. घरातल्या डब्याचे उदाहरण घेतले तर अर्काइव्ह म्हणजे भरलेला डबा फळीवरून उचलून माळ्यावर ठेवणे, क्लिअर म्हणजे डबा फळीवरच ठेवून आतले सगळे ओतून टाकणे आणि डिलीट म्हणजे आतल्या वस्तूंसकट डबाच घराबाहेर काढणे. पहिल्या प्रकारात काहीही हरवत नाही. उरलेल्या दोन प्रकारांत मजकूर फोनवरून जातो आणि तो परत आणण्याचे बटण ॲपमध्ये कुठेही नाही.

बटण नाही म्हणजे मजकूर परत मिळूच शकत नाही, असे मात्र नाही. एकाच संभाषणाच्या प्रती तीन ठिकाणी असू शकतात: तुमच्या फोनवर, समोरच्या व्यक्तीच्या फोनवर आणि बॅकअपमध्ये. व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर पोहोचलेला संदेश साठवून ठेवला जात नाही आणि न पोहोचलेला संदेशही जास्तीत जास्त 30 दिवसच थांबतो. त्यामुळे कंपनीला पत्र लिहून जुने संभाषण मिळत नाही. कोणतेही बटण दाबण्यापूर्वी या तीन ठिकाणांपैकी कुठली प्रत जाणार आणि कुठली राहणार, एवढे पाहिले की पुरते.

अर्काइव्ह

अँड्रॉइड फोनवर संभाषणांच्या यादीतील नावावर बोट दाबून धरावे, म्हणजे वरच्या पट्टीत काही चिन्हे दिसतात. त्यांपैकी खोक्यावर खाली जाणारा बाण असलेले चिन्ह अर्काइव्हचे. आयफोनवर नावाची ओळ डावीकडे सरकवली की ‘Archive’ हा पर्याय दिसतो. संभाषण मुख्य यादीतून निघून यादीच्या वरच्या टोकाला असलेल्या ‘Archived’ या कप्प्यात जाते. परत आणण्यासाठी तो कप्पा उघडावा, नावावर पुन्हा बोट दाबून धरावे आणि वर जाणाऱ्या बाणाचे चिन्ह दाबावे. आयफोनवर तीच ओळ सरकवून ‘Unarchive’ निवडावे. हे उद्या करा किंवा दोन वर्षांनी करा, एकही संदेश कमी झालेला नसतो.

नवा संदेश आला की अर्काइव्ह केलेले संभाषण आपोआप वर येते, असे अनेकजण अजूनही सांगतात. पूर्वी तसे होत असे. 2021 पासून ते कप्प्यातच राहते. जुनी पद्धत हवी असेल तर ‘Settings’ मधील ‘Chats’ येथे जाऊन ‘Keep chats archived’ हे बटण बंद करावे. ते चालू असताना या संभाषणांची सूचना वाजत नाही. अपवाद एवढाच की, कोणी तुमचा नावाने उल्लेख केला किंवा तुमच्या संदेशाला थेट उत्तर दिले तर सूचना येते. मला वाटते, सोसायटीच्या किंवा नात्यातल्या गटांतून बाहेर पडण्याचा अवघडपणा टाळायचा असेल तर याहून सोयीचा मार्ग नाही.

दोन गैरसमज मात्र दूर करायला हवेत. अर्काइव्ह केल्याने फोनमधील जागा अजिबात रिकामी होत नाही, कारण मजकूर आणि छायाचित्रे जिथे होती तिथेच असतात. तसेच अर्काइव्ह म्हणजे लपवणे नव्हे. फोन हातात घेतलेला कोणीही तो कप्पा उघडू शकतो आणि शोधपट्टीत शब्द टाकला तर अर्काइव्हमधील संदेशही समोर येतात.

क्लिअर

संभाषण उघडावे, उजवीकडे वर असलेल्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘More’ आणि मग ‘Clear chat’ निवडावे. आयफोनवर संभाषणाच्या वरच्या बाजूस असलेल्या नावावर दाबून खाली सरकत गेले की हाच पर्याय मिळतो. यादीतील नाव तसेच राहते, गट असेल तर तुमचे सदस्यत्वही राहते, फक्त आतले पान कोरे होते. समोरच्याला याची सूचना जात नाही आणि त्याच्या फोनवरील एकही ओळ हलत नाही.

खरे लक्ष द्यायचे ते त्यानंतर उघडणाऱ्या छोट्या चौकटीकडे. अँड्रॉइडवर तिथे या संभाषणातून आलेली छायाचित्रे व व्हिडिओ फोनच्या गॅलरीतूनही काढायचे का, असे विचारणारा चौकोन असतो. तारांकित केलेल्या, म्हणजे तारेची खूण करून ठेवलेल्या संदेशांसाठीही वेगळी निवड असते. बहुतेक माणसे ही चौकट न वाचता खालचे बटण दाबतात. नातवंडांची छायाचित्रे गेली अशी तक्रार माझ्याकडे येते, तेव्हा बहुतेक वेळा तो गॅलरीचा चौकोनच कारण निघतो. चौकोनात टिक आहे की नाही हे पाहून, छायाचित्रे हवी असतील तर ती टिक काढून मगच पुढे जावे.

डिलीट

व्यक्तीबरोबरचे संभाषण असेल तर नावावर बोट दाबून धरून वरचे कचरापेटीचे चिन्ह दाबायचे. मजकूर आणि तारांकित संदेश तर जातातच, शिवाय यादीतील ओळही जाते. फोनबुकातील क्रमांक राहतो आणि ती व्यक्ती ब्लॉक होत नाही. तिने उद्या संदेश पाठवला तर ओळ पुन्हा उगवते, पण तिच्यात तो एक नवा संदेश तेवढा असतो. त्यामुळे कोणाचे संदेश येऊ नयेत म्हणून संभाषण डिलीट करण्यात काही अर्थ नाही.

येथे एका वेगळ्या गोष्टीशी गल्लत होते. एखादा संदेश निवडून ‘Delete for everyone’ केले तर तो समोरच्याच्या फोनवरूनही जातो आणि त्यासाठी पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांची मुदत असते. अख्खे संभाषण डिलीट करणे हे मात्र केवळ आपल्यापुरते असते. संदेश चुकून ‘Delete for me’ झाला तर काही सेकंद ‘Undo’ हा शब्द खाली दिसतो. ती सोय त्या एका कृतीपुरती आहे, क्लिअर किंवा डिलीट केलेल्या संभाषणासाठी तिची वाट पाहू नये.

गटाच्या बाबतीत डिलीटचा अर्थ बदलतो. गट यादीतून काढण्यासाठी आधी ‘Exit group’ करून त्यातून बाहेर पडावे लागते. तुम्ही बाहेर पडल्याचे ॲडमिनला कळते, इतरांना तशी सूचना जात नाही. मात्र अलीकडे गट सोडून गेलेल्यांची यादी कोणीही सदस्य 60 दिवसांपर्यंत पाहू शकतो. परत यायचे तर ॲडमिनने घ्यावे लागते किंवा गटाची लिंक मिळवावी लागते आणि परत आलात म्हणून तुमच्या फोनवरून गेलेला जुना मजकूर आपोआप येत नाही. म्हणजे गटाचे डिलीट परत फिरवणे हे तुमच्या हातात नसून दुसऱ्याच्या हातात असते. गटाचा केवळ कंटाळा आला असेल तर अर्काइव्ह पुरेसे आहे.

परत मिळवण्याचे मार्ग

सर्वात सोपा मार्ग तांत्रिक नाही. समोरच्याच्या फोनवर संभाषण तसेच असते, तेव्हा त्याला तीन ठिपक्यांतून ‘More’ आणि ‘Export chat’ करून फाइल पाठवायला सांगावे. ती मजकुराची साधी फाइल असते. तारीख, वेळ, नाव आणि संदेश अशा ओळी तिच्यात असतात. हवी असतील तर छायाचित्रेही जोडता येतात. ती व्हॉट्सॲपच्या खिडकीत परत बसवता येत नाही, पण वाचता येते आणि बहुतेक वेळा तेवढेच हवे असते.

दुसरा मार्ग बॅकअपचा, आणि इथे घड्याळ तुमच्या विरोधात चालत असते. अँड्रॉइडवर गुगल खात्यात जाणाऱ्या बॅकअपची एकच, सर्वात ताजी प्रत राहते. बॅकअप रोजचा असेल आणि संभाषण आज सायंकाळी क्लिअर झाले असेल, तर रात्री नवी प्रत जुन्या प्रतीची जागा घेते आणि त्या नव्या प्रतीत तुमचे संभाषण नसते. आयफोनवर आयक्लाउडचेही असेच. म्हणून चूक लक्षात येताच पहिले काम म्हणजे ‘Settings’, ‘Chats’, ‘Chat backup’ येथे जाऊन शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते पाहणे आणि आपोआप होणारा बॅकअप बंद करणे. घाबरून ‘Back up’ हे हिरवे बटण दाबले तर उरलेली संधीही आपल्याच हाताने जाते. शेवटचा बॅकअप चुकीच्या आधीचा असेल, तर ॲप काढून पुन्हा टाकावे, तोच क्रमांक आणि तेच गुगल किंवा ॲपल खाते वापरावे आणि ‘Restore’ विचारल्यावर होकार द्यावा. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलेले असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली लागते. ती नसेल तर प्रत असूनही उघडत नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये आणखी एक आधार असतो, ज्याची माहिती फार थोड्यांना असते. गुगल खात्याशी संबंध नसलेली एक प्रत फोनच्या आत रोज पहाटे 2 च्या सुमारास बनते आणि मागच्या साधारण 7 दिवसांच्या प्रती राहतात. आयफोनवर अशी सोय नाही.

काकांच्या घराचे मोजमाप

गेल्या वर्षी माझे काका संगमनेरजवळ घर बांधत होते. दारे-खिडक्यांची मोजमापे, कोणत्या खोलीत किती पॉइंट, कोणत्या तारखेला किती पैसे दिले हे सारे ठेकेदाराबरोबरच्या संभाषणात होते आणि त्यातच दुकानांच्या बिलांची छायाचित्रेही. फोनमध्ये जागा नाही अशी सूचना वारंवार येऊ लागली, तेव्हा शेजारच्याने चॅट क्लिअर करायला सांगितले आणि सोमवारी, 10 फेब्रुवारी 2025 रोजी सायंकाळी काकांनी ते केले. गॅलरीच्या चौकोनात टिक होती, तीही तशीच राहिली. बुधवारी सकाळी सुताराने चौकटीचे माप विचारले तेव्हा काकांचा मला फोन आला. “अगं, सगळं कोरं झालंय. नाव आहे, पण आत काहीच नाही.”

ठेकेदाराकडे चौकशी केली. त्याने आठवड्यापूर्वीच नवा फोन घेतला होता आणि जुने संभाषण नव्या फोनवर आणलेच नव्हते. सोपा मार्ग बंद झाला. काकांचा गुगल बॅकअप रोजचा होता, म्हणजे मंगळवारची आणि बुधवारची पहाट उलटून गेली होती आणि तिथली प्रत कोऱ्या संभाषणाची होती. राहिला फोनच्या आतला आधार. फाइल मॅनेजरमधून या कप्प्यात गेलो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

तिथे तारखांच्या फाइली होत्या. 10 फेब्रुवारीची फाइल त्या दिवशी पहाटेची, म्हणजे क्लिअर होण्याच्या काही तास आधीची होती. आम्हाला हवी होती ती हीच.

पुढचे काही करण्यापूर्वी काकांना किंमत समजावून सांगणे भाग होते. बॅकअप परत आणला की केवळ एक संभाषण येत नाही, सगळे व्हॉट्सॲप त्या पहाटेच्या स्थितीत जाते. सोमवारी पहाटेपासून बुधवारी सकाळपर्यंत इतर सगळ्यांचे आलेले संदेश जाणार होते. काकांनी त्या दोन दिवसांतले तीन महत्त्वाचे संभाषण ‘Export chat’ करून स्वतःच्या ईमेलवर पाठवले, आणि मगच आम्ही पुढे गेलो.

पहिले काम म्हणून `Databases` हा अख्खा कप्पा संगणकावर उतरवला, कारण ॲप काढताना तोही पुसला जाण्याचा धोका असतो आणि मग मागे काहीच उरत नाही. संगणकावर सर्वात ताजी फाइल बाजूला ठेवली आणि जुन्या फाइलच्या नावातली तारीख काढून टाकली:

```
आधी:  msgstore-2025-02-10.1.db.crypt14
नंतर: msgstore.db.crypt14
```

शेवटचा आकडा ज्या फोनवर जो असेल तोच ठेवायचा, तो बदलला तर फाइल ओळखली जात नाही. मग ॲप काढले, पुन्हा टाकले, पण उघडण्यापूर्वी नाव बदललेली फाइल त्याच कप्प्यात परत ठेवली. कप्पा नसेल तर त्याच नावाने बनवावा लागतो. ॲप उघडून क्रमांकाची पडताळणी केली, फाइली पाहण्याची परवानगी मागितली तेव्हा दिली आणि गुगल खाते जोडण्याचा टप्पा वगळला. खाते जोडले असते तर ॲपने तिथली ताजी, म्हणजे कोरी प्रत पुढे केली असती. ‘Restore’ च्या पडद्यावर प्रतीची तारीख दिसते. ती 10 फेब्रुवारी असल्याची खात्री करूनच होकार दिला. हा पडदा घाईने ओलांडला तर ॲप पुन्हा काढून सगळे नव्याने करावे लागते.

मोजमापे आली, पैशांच्या तारखाही आल्या. बिलांची छायाचित्रे मात्र धूसर चौकोन होऊन राहिली. फोनच्या आतल्या प्रतीत केवळ मजकूर असतो. छायाचित्रांच्या फाइली वेगळ्या कप्प्यात असतात आणि त्या गॅलरीच्या टिकेबरोबर पुसल्या गेल्या होत्या. सिमेंटचे आणि फरशीचे बिल काकांनी दुकानांतून पुन्हा मागून घेतले. सोमवारी दिवसभरात ठेकेदाराने पाठवलेले चार-पाच संदेशही गेले ते गेलेच, कारण ते पहाटेच्या प्रतीनंतरचे होते.

जागाच हवी असेल तर

काकांना खरे तर संभाषण पुसायचे नव्हते, फोनमध्ये जागा करायची होती. त्यासाठी ‘Settings’, ‘Storage and data’, ‘Manage storage’ येथे जावे. तिथे कोणत्या संभाषणाने किती जागा घेतली आहे ते मोठ्यापासून लहान अशा क्रमाने दिसते आणि एखाद्यावर दाबले की त्यातील व्हिडिओ व छायाचित्रे निवडून काढता येतात, मजकुराला हात न लावता. काकांच्या फोनवर सर्वात वर होता नात्यातल्या गटाचा शुभेच्छांच्या व्हिडिओंचा ढीग. ठेकेदाराचे संभाषण त्या यादीत पार खाली, काही एमबीचे होते.

क्लिअर किंवा डिलीट करायचेच ठरले असेल तर आधी ‘Export chat’ करून फाइल ईमेलवर पाठवावी. ती प्रत्यक्ष पोहोचली आहे आणि उघडते आहे हे पाहावे, त्यानंतर गॅलरीचा चौकोन वाचावा आणि मगच बटण दाबावे. काकांच्या ईमेलमध्ये आता त्या घराची अशी एक फाइल आहे. तिला त्यांनी नाव दिले आहे ‘चौकटींची मापे’.